पंधरा विभाग कुठे गेले?



विषय कळवा म्हणून व्याख्यानमालेच्या संयोजकांचा निरोप आला, तेव्हा मी ‘दोन तक्त्यांची जोडणी’ असं कळवलं. त्यावर त्यांनी जरा अडखळत विचारलं, तासभर पुरेल ना? पुरेल. उलट एकाच शहराच्या एकाच उदाहरणावर थांबलो, तरच तासात आवरेल. म्हणून आज फक्त मुंबईबद्दल बोलतो.

वर्तमानपत्रात असे नकाशे तुम्ही नेहमी पाहता. शहराचे तुकडे केलेले, काही गडद, काही फिके. गडद रंगाच्या भागात पाणी कमी वेळ येतं, फिक्या भागात जास्त वेळ येतं, असं खाली लिहिलेलं. हा नकाशा दोन वेगळ्या गोष्टींतून तयार होतो. एक असतो पाहणीचा तक्ता. कार्यकर्ते घरोघर गेले, प्रश्न विचारले, आणि दर घराची एक ओळ झाली. दुसरी असते हद्दींची फाइल. तिच्यात दर विभागाचा एक पॉलिगॉन असतो, म्हणजे विभागाची सीमारेषा आखणारा बंद आकार. तक्त्याला नकाशा ठाऊक नाही आणि नकाशाला पाहणी ठाऊक नाही. दोघांत एकच गोष्ट सामाईक असते, ती म्हणजे विभागाचा कोड. त्या एका रकान्याच्या भरवशावर सगळी जोडणी होते.

मुंबई महानगरपालिकेचे २०११च्या जनगणनेच्या वेळी चोवीस प्रशासकीय विभाग होते. आज मी तेच चोवीस धरून बोलणार आहे. त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, हे मुंबईकरांना सांगायला नको. पाण्याच्या तक्रारीपासून जन्मदाखल्यापर्यंत सगळं ‘तुमचा वॉर्ड कुठला?’ या प्रश्नापासून सुरू होतं. यातले नऊ विभाग एका अक्षराचे आहेत : ए, बी, सी, डी, ई, एल, एन, एस आणि टी. उरलेल्या पंधरांना अक्षरासोबत दिशाही लागते : एफ/उत्तर, एफ/दक्षिण, के/पूर्व, के/पश्चिम, आर/मध्य असे. नऊ आणि पंधरा, हे दोन आकडे लक्षात असू द्या.

आता एक पाहणी कल्पू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. दर विभागात शंभर घरं, म्हणजे एकूण २,४०० अर्ज. प्रश्न एकच : नळाला रोज किती तास पाणी येतं? अर्जात विभागाचा कोड `F/N` असा लिहिलाय, मध्ये तिरपी रेघ देऊन. हद्दींची फाइल ज्याने तयार केली, त्याने मात्र तिरपी रेघ टाळून `FN` असं लिहिलंय. माणसाला दोन्ही एकच वाटतात. संगणकाला वाटत नाहीत. त्याच्या लेखी एकात तीन चिन्हं आहेत आणि दुसऱ्यात दोन, म्हणून ती वेगळी.

जोडणी केली की काय होतं? एकाक्षरी नऊ विभागांत रेघच नाही, त्यामुळे ते बिनबोभाट जुळतात. दिशावाले पंधराच्या पंधरा गळतात. संगणक तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही. त्याला ‘जे सारखं आहे ते जोड’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्याने तेवढंच केलं. पायथॉनच्या पांडाज या साधनात `merge` ही आज्ञा आणखी काही न सांगता दिली, तर ती दोन्हीकडे सापडलेल्या ओळीच ठेवते. हातात नऊ विभागांचा तक्ता येतो. क्यूजीआयएसमध्ये पॉलिगॉन चोवीसच राहतात, पण पंधरांचे रकाने रिकामे असतात, आणि आकड्यांच्या पायऱ्यांप्रमाणे रंग दिले की रिकाम्या रकान्याचे विभाग रंगवलेच जात नाहीत.

हा नकाशा कसा दिसेल ते पाहा. दक्षिणेला कुलाब्यापासून भायखळ्यापर्यंतचा पट्टा रंगलेला. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड रंगलेले. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत पश्चिम उपनगरं मात्र अख्खी कोरी. दादर-धारावीचा जी/उत्तर कोरा, गोवंडी-मानखुर्दचा एम/पूर्व कोरा. पाहणाऱ्याला वाटेल, कार्यकर्ते मध्य रेल्वेने फिरले आणि पश्चिम रेल्वेत चढलेच नाहीत. प्रत्यक्षात १,५०० अर्ज एका तिरप्या रेघेपायी बाहेर राहिले. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. जुळलेल्या नऊ विभागांची बेरीज ३८,२८,९४१ येते, म्हणजे शहराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्या लोकांवरून ‘मुंबईत सरासरी इतके तास पाणी येतं’ असं वाक्य छापलं जाऊ शकतं.

यापेक्षाही वाईट म्हणजे कोऱ्या जागी शून्य भरणं. रिकामे रकाने डोळ्यांत खुपतात, म्हणून कुणी तरी तिथे शून्य घालतं आणि नकाशा छान पूर्ण दिसू लागतो. आता पंधरा विभागांत पाण्याचा थेंबही येत नाही, असं तो नकाशा सांगतो. ‘माहिती नाही’ आणि ‘शून्य’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माहिती नसलेला विभाग राखाडी रेघांनी भरावा आणि सूचीत तसं लिहावं.

मग करायचं काय? जोडणी करताना एकही ओळ फेकू नका आणि प्रत्येक ओळ कुठून आली ते लिहवून घ्या. पांडाजमध्ये ते एवढंच आहे :

```python
m = wards.merge(agg, on="code", how="outer",
                validate="one_to_one", indicator=True)
print(m["_merge"].value_counts())
```

यात `wards` म्हणजे हद्दींची फाइल आणि `agg` म्हणजे दर विभागाची एक ओळ केलेली पाहणी. `outer` म्हणजे जुळो न जुळो, दोन्हीकडचं सगळं ठेव. `indicator` एक नवा रकाना तयार करतो आणि दर ओळीपुढे तीनपैकी एक शेरा लिहितो : `both`, `left_only` किंवा `right_only`. आपल्या उदाहरणात `both` नऊ, `left_only` पंधरा आणि `right_only` पंधरा असे आकडे येतील. हे तीन आकडे दिसले की रोग कळतोच. `left_only` म्हणजे पाहणी न मिळालेले पॉलिगॉन, `right_only` म्हणजे जागा न मिळालेले अर्ज. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या, की एकीकडे `FN` आणि दुसरीकडे `F/N` समोरासमोर उभे दिसतात. `validate`कडे मी पुढे येतो.

प्रत्यक्षात चूक इतकी सरळ नसते. वीस जणांनी अर्ज भरले की कोड वीस तऱ्हांनी लिहिला जातो : `f/n`, `F-N`, `F North`, `F/North Ward`, शेवटी न दिसणारी मोकळी जागा असलेला `F/N `. हे सगळं एका साच्यात आणायला छोटंसं फंक्शन पुरतं :

```python
import re

def clean(x):
    x = str(x).upper()
    for a, b in [("WARD", ""), ("NORTH", "N"), ("SOUTH", "S"),
                 ("EAST", "E"), ("WEST", "W"), ("CENTRAL", "C")]:
        x = x.replace(a, b)
    return re.sub(r"[^A-Z]", "", x)
```

आधी सगळी अक्षरं मोठी केली, दिशांचं एक अक्षर केलं, आणि शेवटी इंग्रजी अक्षरांखेरीज सगळं काढून टाकलं. पाचही तऱ्हा `FN` होतात. पण या शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. कुणी देवनागरीत ‘एफ/उत्तर’ लिहिलं असेल, तर तिथे एकही इंग्रजी अक्षर नाही, म्हणून उरतं काहीच नाही. ‘एफ/उत्तर’, ‘के/पूर्व’, ‘आर/मध्य’ हे सगळे एकाच रिकाम्या कोडात जमा होतात. म्हणून सफाईच्या आधीचा मूळ रकाना कधीही पुसू नये. साफ केलेला कोड नव्या रकान्यात ठेवावा, मूळ शेजारी जसाच्या तसा असावा, आणि सफाईनंतर रिकामे किती झाले ते मोजावं.

आणखी एक सापळा खास मुंबईचा आहे. विभाग माहीत नसला, की अर्ज भरणारा रकान्यात `N/A` लिहितो. ‘लागू नाही’ असा त्याचा अर्थ. सफाई करणाऱ्याने ‘रेघेच्या आधीचं अक्षर म्हणजे विभाग’ असा सोपा नियम लावला, तर हे सगळे अर्ज एन विभागात, म्हणजे घाटकोपरला जाऊन बसतात. आणि तिथे ते सापडणार नाहीत, कारण एन हा खराच विभाग आहे. वरचं फंक्शन `N/A`चं `NA` करतं. चोवीसांत `NA` नाही, म्हणून तो न जुळलेल्यांत राहतो, आणि तेच बरोबर आहे. गंमत अशी, की पांडाज सीएसव्ही फाइल वाचताना `N/A`ला आपणहून रिकामं मानतं. म्हणजे ‘माहीत नाही’ असं लिहिणारे किती आणि रकाना भरायचा राहिलेले किती, हा भेद वाचतानाच पुसला जातो. तो ठेवायचा असेल तर `keep_default_na=False` असं सांगावं लागतं.

नियमांनी जेवढं सुटतं तेवढं सोडवून झालं, की उरतात ती हाताने सोडवायची प्रकरणं. इथे माझा एक आग्रह आहे. पाहणीची फाइल उघडून त्यातच खाडाखोड करू नका. तिसरा तक्ता करा. त्यात चार रकाने पुरेत : मूळ लिखाण, ठरवलेला कोड, कशावरून ठरवला, कुणी ठरवला. जुळणी या तक्त्यातून करा. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हे घर के/पूर्वमध्ये कसं आलं, तर उत्तर दाखवता येतं. उत्तर चुकलं असेल, तर एक ओळ बदलून सगळं पुन्हा चालवता येतं.

या तक्त्यात काय काय येतं त्याचा एक नमुना देतो. अर्जात ‘के/प’ असं लिहिलंय. प म्हणजे पूर्व की पश्चिम? दोन्ही शब्द प-नेच सुरू होतात. हा अर्ज नुसत्या कोडावरून सुटणार नाही, म्हणून बाकीचे रकाने पाहायचे. पिनकोड ४०००५८ असेल तर ते अंधेरी पश्चिम, ४०००६९ असेल तर अंधेरी पूर्व. पण जपून. टपालखात्याची हद्द आणि पालिकेची हद्द एकमेकींना विचारून आखलेल्या नाहीत. पिनकोड हा पुरावा आहे, निकाल नाही. पत्त्यात स्टेशनच्या कुठल्या बाजूचा रस्ता आहे ते सापडलं, तर दोन पुरावे एकत्र येतात आणि कोड ठरतो. काहीच सापडलं नाही, तर अर्ज न जुळलेलाच राहू द्या. दोन्ही विभागांत निम्मे-निम्मे वाटून टाकण्याचा मोह आवरा.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? जवळात जवळचं लिखाण शोधून देणारी साधनं आहेत की. आहेत, आणि लांब नावांसाठी ती उपयोगी आहेत. ‘घाटकोपर’ आणि ‘घाटकोपार’ ती बरोबर जुळवतील. दोन-तीन अक्षरांच्या कोडांना मात्र त्यांचा हात लावू देऊ नका. `FN` आणि `FS` यांत एकाच अक्षराचा फरक आहे. `KE` आणि `KW` यांतही तेवढाच, आणि `FN` व `GN` यांतही. जवळचा कोड म्हणजे बहुतेक वेळा दुसरा खराखुरा विभाग. अशा जुळणीत `right_only` शून्यावर येतं, सगळे खूश होतात, आणि परळची घरं माटुंग्यात जातात.

आता `validate`. पाहणीत दर विभागाच्या शंभर ओळी आहेत, नकाशात दर विभागाचा एक आकार. जोडण्याआधी शंभराची एक ओळ करावी लागते : सरासरी तास आणि सोबत अर्जांची संख्या. हे न करता क्यूजीआयएसमध्ये थरावर थेट जोड दिला, तर दर विभागाला एकच जुळणारी ओळ मिळते आणि बाकीच्या नव्व्याण्णव मुकाट बाहेर राहतात. नकाशा रंगतो, पण तो एकेका घराचा असतो.

दुसरी बाजूही तशीच आहे. विभागाच्या मधून खाडी गेली असेल, तर काही फाइलींत त्याचे दोन तुकडे दोन ओळींत असतात. समजा पी/उत्तर तसा काढला आहे. सरासरी तासांचा नकाशा दोन्ही तुकड्यांत एकच रंग दाखवेल, म्हणजे डोळ्यांना काही खटकणार नाही. पण जोडलेल्या तक्त्यातून लोकसंख्येची बेरीज केली, तर १,३३,८३,७३९ येते. मूळ १,२४,४२,३७३ पेक्षा हा आकडा ९,४१,३६६ ने जास्त आहे, आणि ती नेमकी पी/उत्तरची २०११ची लोकसंख्या आहे. वाढलेला आकडाच गुन्हेगाराचं नाव सांगतो. `validate="one_to_one"` लिहिलं असेल, तर एवढं थांबावंच लागत नाही. कुठल्याही बाजूला कोड दोनदा आला, की आज्ञा तिथेच अडते. उपाय म्हणजे एकाच कोडाचे तुकडे आधी एका ओळीत आणणं. जिओपांडाजमध्ये त्याला `dissolve` म्हणतात.

इथवर जे सांगितलं, त्यात चूक शोधली की सापडते. आता जी चूक शोधूनही सापडत नाही, तिच्याकडे येतो.

मुंबईत ‘वॉर्ड’ म्हणजे दोन गोष्टी. एक हे अक्षरी विभाग, आणि दुसरे नगरसेवक निवडून देणारे प्रभाग. प्रभागांना आकडे आहेत, १ ते २२७. आकडे दहिसरच्या टोकाला सुरू होतात आणि कुलाब्याला संपतात. २०१२ची निवडणूक २२७ प्रभागांवर झाली, २०१७चीही २२७ वरच. पण २०१७च्या आधी २०११च्या जनगणनेनुसार हद्दी नव्याने आखल्या गेल्या. शहर भागातले प्रभाग घटले, उपनगरांतले वाढले. एकूण तेवढेच राहिले, तरी मधले आकडे सरकले. पुढे २३६ प्रभाग करायचं ठरलं आणि २०२२ मध्ये पुन्हा २२७ झाले. त्यामुळे हद्दींच्या एकाहून जास्त फाइली हिंडत असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींवर तारीख नसते.

कल्पना करा, २०१३ ची एक पाहणी आहे. कोडाच्या रकान्यात प्रभाग क्रमांक आहे. तुम्ही ती २०१७च्या हद्दींना जोडता. `both` २२७, `left_only` शून्य, `right_only` शून्य. मोकळी जागा नाही, रेघ नाही, देवनागरी नाही, दुहेरी ओळ नाही. आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या तपासण्या पार पडतात. आणि तरीही नकाशाचा बराच भाग चुकीचा असतो, कारण १५० क्रमांकाचा कोड तोच राहिला, पण त्याने दाखवलेली जमीन बदलली. जी जोडणी अर्धवट होते, ती निदान दिसते. पूर्ण होते, तीच बारकाईने तपासायला हवी.

ही चूक पकडायला कोडाच्या बाहेरचा साक्षीदार लागतो. पहिला साक्षीदार म्हणजे अक्षरी विभाग. अर्जात प्रभागासोबत विभागही विचारला असेल, तर दोन्हींचा आडवा-उभा तक्ता मांडा. हद्दीच्या फाइलीप्रमाणे जो प्रभाग एल विभागात पडतो, त्याचे बहुतेक अर्ज एन लिहून आले असतील, तर लोकांना एकाच वेळी विस्मरण झालेलं नाही. तुमच्या हातातली फाइलच दुसऱ्या सालाची आहे. हल्ली अर्ज फोनवर भरले जातात, त्यामुळे दुसरा साक्षीदार सहज मिळतो : जागेचे अक्षांश-रेखांश. प्रत्येक बिंदू कुठल्या पॉलिगॉनमध्ये पडतो ते `sjoin`ने काढा आणि लिहिलेल्या कोडाशी ताडून पाहा. थोडा फरक येणारच. फोनचा बिंदू काही मीटर इकडे-तिकडे होतो आणि दाटीच्या गल्लीत जास्तच भटकतो, म्हणून हद्दीलगतचे अर्ज दुसऱ्या बाजूला पडलेले दिसतील. ते सोडून द्या. विसंगती हद्दीला चिकटून असेल तर दोष फोनचा. ती प्रभागाच्या मध्यापर्यंत पसरली असेल, आणि शेजारच्या प्रभागांतही एकाच दिशेने सरकलेली दिसत असेल, तर हद्द बदललेली आहे.

मग त्या सालाची हद्द मिळवा. मिळाली नाही आणि बिंदू हातात असतील, तर कोड बाजूला ठेवून बिंदूंवरूनच प्रभाग ठरवा. बिंदूही नसतील, तर प्रभागांचा नाद सोडून अक्षरी विभागांवर या. मोठे तुकडे, पण खात्रीचे. जिल्ह्यांच्या पातळीवर हाच प्रश्न पालघरने उभा केला. १ ऑगस्ट २०१४ ला तो ठाण्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेचा ‘ठाणे’ आणि आजच्या नकाशातला ‘ठाणे’ नावाने एक, जागेने दोन. जोडायचं तर आजचे दोन आकार एकत्र करून जुना ठाणे करता येतो. उलट, जुन्या ठाण्याचा एक आकडा दोन जिल्ह्यांत वाटता येत नाही. तालुक्यांचे आकडे असतील तरच ते जमतं.

शेवटी एक मर्यादा. न जुळलेला प्रत्येक अर्ज ही चूक नसते. दादरला फुटपाथवर फळं विकणाऱ्या माणसाची मुलाखत झाली आणि तो विरारला राहतो असं निघालं, तर त्याच्या घरच्या पाण्याला मुंबईच्या चोवीसांत जागाच नाही. विरार वेगळ्या महापालिकेत आहे. त्याला जी/उत्तरमध्ये बसवणं म्हणजे दादरच्या नळाला विरारचं पाणी लावणं. मुलाखत जिथे झाली तो विभाग हवा की माणूस राहतो तो, हे अर्ज छापण्याआधी ठरवावं लागतं. नंतर कितीही सफाई केली, तरी ते कोडातून उमगत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, आणि ती नकाशे करणाऱ्यांइतकीच नकाशे छापणाऱ्या संपादकांकडेही आहे. विभागवार नकाशाखाली तीन गोष्टी छापा : एकूण अर्जांपैकी किती जुळले, किती जुळले नाहीत आणि त्यांचं काय केलं, आणि हद्द कुठल्या सालची. दोन ओळींत मावतं. हे न छापलेला नकाशा पुढे आला, तर तो मान्य करण्याआधी तेवढंच विचारा. उत्तर देता आलं नाही, तर ज्याने जोडणी केली त्यालाही ते ठाऊक नाही, असं खुशाल समजा.